बशी भरलेली कुंडी

श्रोतेहो, नमस्कार. कुंडीच्या काठावर साचणारा पांढरा थर तुम्ही पाहिलाच असेल. ज्या कुंडीखालची बशी सदा पाण्याने भरलेली, तिच्यावर तो जास्त दिसतो. कोरड्या प्रदेशात जमीन खारपड होते तेव्हा हेच घडतं. फक्त इथे बशी जमिनीच्या पोटात असते.

कालव्याचं पाणी चवीला गोड लागलं तरी त्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार सहज असतात. एका हेक्टरला हंगामात मीटरभर उंचीचं पाणी दिलं, तर ते होतं एक कोटी लिटर, आणि त्यातून शेतात येतात पाच टन क्षार. पाणी पीक पितं, ऊन उडवून नेतं. क्षार तिथेच राहतात. गरजेपेक्षा जास्त दिलेलं पाणी खाली मुरतं आणि भूजल वर चढवतं. ते दीड-दोन मीटरच्या आत आलं, की वातीतून तेल चढावं तसं मातीच्या बारीक छिद्रांतून वर येतं, वर येऊन वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. म्हणून पाणी बंद केल्यावरही पांढरा थर वाढत राहतो. पुन्हा सांगतो: पाणी बंद, तरी थर वाढतो, कारण बशी भरलेली आहे.

याची माझी आवडती गोष्ट दक्षिण इराकमधली आहे. सुमेर देशातल्या गिरसू आणि उम्मा या नगरांत फुरात नदीच्या एका कालव्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं होतं. उम्मा वरच्या अंगाला, त्यामुळे पाणी अडवणं तिच्या हाती. इसवी सनपूर्व 2400 च्या सुमारास गिरसूचा राजा एन्तेमेना याने भांडणाचा विषयच संपवला. त्याने तिग्रिस नदीवरून स्वतंत्र कालवा आणला. आता पाणी मुबलक. (फुकटच्या पाण्याला मोजमाप नसतं हे तेव्हाही खरं होतं. माझ्या मते पाटाच्या तोंडाशी मोजपट्टी नसेल तर पाट खणूच नये.) शिवारात पाणी मुरत गेलं, भूजल वर आलं.

त्या भागात खारेपणा कसा वाढत गेला, ते संशोधकांनी मडक्यांवरून वाचलं. ओल्या मातीत रुतलेल्या दाण्यांचे ठसे मोजले, तेव्हा इसवी सनपूर्व 3500 च्या आसपास गहू आणि जव जवळजवळ सारखे निघाले. हजार वर्षांनी गहू सहाव्या हिश्शावर आला, आणि इसवी सनपूर्व 1700 च्या सुमारास त्या भागातून तो दिसेनासा झाला. जव गव्हापेक्षा खारेपणा जास्त सोसतो. या ठशांच्या अर्थाबद्दल काही अभ्यासकांचं मत वेगळं आहे, तेही सांगायला हवं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या भागातला जुना शेतकरी एक वर्ष पीक घेई आणि एक वर्ष रान पडीक ठेवी. पडीक रानात शोक आणि अगूल ही काटेरी झुडपं माजत. अगूल म्हणजे आपल्याकडच्या जवाशाच्या जातीचं. त्यांची मुळं खोल जाऊन खालची ओल शोषून घेत, बशी कोरडी करत. मग पुढच्या पाण्याबरोबर वरचे क्षार त्या कोरड्या थरात उतरत. पडीक मोडून दरवर्षी पीक घ्यायला लागलं, की हा जिवंत निचरा बंद पडतो.

आज ते काम पाईप करतो. क्रम महत्त्वाचा: आधी निचरा, मग धुलाई. निचरा नसताना पाणी कोंडून क्षार धुतले तर ते थोडे खाली जातात, भूजल आणखी वर येतं आणि उन्हाळ्यात सगळं परत येतं. सच्छिद्र पाईप साधारण दीड-दोन मीटर खोल, भोवती खडी किंवा जाळीदार कापडाचं वेष्टण, तोंडाकडे एकसारखा उतार. दोन पाईपांतलं अंतर माती ठरवते: चिकणमातीत जवळ, वाळूमिश्रित मातीत लांब. वेष्टण विसरलात तर पाईप गाळाने भरतो.

धुलाईचा ढोबळ हिशेब असा: मीटरभर खोल माती मीटरभर पाण्याने धुतली, तर सुमारे 80 टक्के क्षार निघतात. मातीची क्षारता 12 डेसीसायमन प्रति मीटर असेल तर ती अडीचच्या आसपास येते. गव्हाची सहनशक्ती सहा, म्हणजे गहू घेता येतो. पाणी एकदम कोंडू नका; थोडं थोडं द्या, मुरू द्या, पुन्हा द्या. पाणी कमी लागतं. पाईपाच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याची क्षारता मोजत राहा: ती खूप जास्त, म्हणजे धुलाई चालू आहे, ती दिलेल्या पाण्याच्या जवळ येत गेली, म्हणजे काम संपत आलं.

पाणी दिवसेंदिवस वर गढूळ उभं राहिलं, तर ती जमीन खारपड नाही, चोपण आहे. सोडियमने तिचे कण विस्कटून छिद्रं बुजलेली असतात. तिला आधी जिप्सम द्या, मग पाणी. कोऱ्या पाण्याने ती आणखी घट्ट होते.

आणि पाईपातलं पाणी सोडायचं कुठे, हे खणण्याआधी ठरवा. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात शेतांच्या निचऱ्याचं पाणी सोडलं जाई. 1983 मध्ये तिथे पंख-चोच नसलेली, विकृत पिल्लं सापडली. मातीतून धुऊन आलेलं सेलेनियम तिथे साठलं होतं.