पट्टी काढायला हात मोकळा कुठंय?

आज टॅरोची दोनच कार्डं घेऊया, टू ऑफ स्वोर्ड्स आणि नाइन ऑफ स्वोर्ड्स, कारण लव्हचा प्रश्न घेऊन रात्र रात्र जागणारी माणसं समोर बसली की ही दोघं फार वेळा जोडीनं येतात, आणि नवीन रीडर हमखास घाबरतो, नाइन दिसलं की त्याचा चेहराच पडतो, आणि समोरच्याला वाटतं संपलं सगळं.

आधी चित्र नीट बघा. मी १९०९चा रायडर-वेट डेक धरून बोलतोय, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. टूमध्ये एक बाई बसलीय, डोळ्यांवर पट्टी, हात छातीवर क्रॉस आणि दोन्ही हातांत एकेक तलवार, मागे समुद्र, वर चंद्रकोर. आता मला सांगा, ही पट्टी कशी काढणार? हात मोकळाच नाहीये ना! आधी एक तलवार खाली ठेवायला लागेल. मला विचाराल तर अख्खं कार्ड एवढंच आहे, बाकी 'समतोल, शांतता' वगैरे पुस्तकात असतं ते खरंय पण झोप उडालेल्या माणसाला ते सांगून काय उपयोग.

नाइनमध्ये अंथरुणात उठून बसलेली, तोंड हातांत लपवलेलं, मागे काळ्या भिंतीवर नऊ तलवारी आडव्या. एकही अंगात घुसलेली नाही हां. टेन ऑफ स्वोर्ड्समध्ये दहाच्या दहा पाठीत असतात, थ्रीमध्ये थेट काळजात. इथे कुणी मारलेलं नाही, कुणी तलवार धरलेलीसुद्धा नाही. म्हणून 'ब्रेकअप होणार' असं नाइनवरून सांगू नका, ते कार्ड समोरच्या माणसाबद्दल काहीच बोलत नाही, जागणाऱ्याबद्दल बोलतं.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगी, तीन वर्षांचं रिलेशन, त्याची बदली झाली, तो म्हणाला येतेस का ते ठरव आणि सांग. सहा आठवडे झाले, हिनं ना हो सांगितलं ना नाही. माझ्याकडे आली तेव्हा प्रश्न काय, तर 'तो मला सोडेल का?' घरी एका रात्रीत हाच प्रश्न चार वेळा शफल करून विचारला होता. हे सर्रास होतं आणि त्याचा तोटा असा की चार उत्तरं आली की मन त्यातलं सगळ्यात वाईट उचलतं.

मी प्रश्न बदलायला लावला, 'मी काय बघायचं टाळतेय?' मग तीन कार्डं: आत्ता काय, अडवतंय काय, असंच चालू राहिलं तर काय. आलं टू ऑफ स्वोर्ड्स, मध्ये सिक्स ऑफ कप्स, शेवटी नाइन.

आता क्रम बघा. टू आधी, नाइन नंतर, म्हणजे न ठरवण्यातून रात्री खराब होतायत, तिसऱ्या जागेचं नावच 'असंच चालू राहिलं तर' आहे, ते काही भविष्य नाही. उलटं आलं असतं, नाइन आधी आणि टू नंतर, तर मी म्हणालो असतो की भीती आधीची आहे, कदाचित जुन्या नात्यातली, आणि त्या भीतीनंच पट्टी बांधलीय, तिथे निर्णयाची घाई करून भागत नाही.

मधलं सिक्स ऑफ कप्स म्हणजे जुन्या गोड आठवणी. मी विचारलं, रात्री जाग येते तेव्हा डोक्यात पहिलं वाक्य काय असतं? ती म्हणाली, 'आधी तो असा नव्हता.' बघा, एक तलवार सापडली! ती पहिल्या वर्षाच्या त्याला धरून बसली होती आणि दुसऱ्या हातात आत्ताचा तो, आणि दोघांचं जमवायचा प्रयत्न रात्री तीनला. मग साधं विचारलं, बदली किती वर्षांची आहे? तर हिला माहीतच नाही! सहा आठवड्यांत विचारलंच नव्हतं, कारण विचारलं की उत्तर द्यावं लागेल. ही झाली पट्टी.

(कुणीतरी विचारतंय, क्लॅरिफायर, म्हणजे उत्तर स्पष्ट व्हावं म्हणून आणखी एक कार्ड, काढायचा का?) नाही, इथे नको. तिनंही मागितला होता, 'फक्त एक कार्ड, तो काय विचार करतोय त्यासाठी.' मी डेक डब्यात ठेवला. त्याच्या मनातलं कार्ड सांगत नाही, तो सांगू शकतो, फोन आहे की. आणि महिनाभर झोपच नसेल, दिवसाही हात थरथरत असतील, तर तिथे टॅरोचं काम नाही, डॉक्टरकडे पाठवा.

जाताना तिनं टूचा फोटो काढला, नाइनचा नाही. मग दारातच उभं राहून मेसेज टाइप केला, दोनदा खोडला, शेवटी पाठवला: 'बदली किती वर्षांची आहे?'