झोपण्याआधी अर्धं मिनिट: रोजच्या खर्चाची नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

गुढीपाडव्याला हौसेनं सुरू केलेली खर्चाची वही अक्षय तृतीया येईस्तोवर कोरी राहू लागते, हे बऱ्याच घरांतलं चित्र आहे. लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. वही बंद पडते ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर. रात्री हिशोब लिहायला बसलं की सगळं जुळतं, पण शे-दीडशे रुपये कुठं गेले ते काही आठवत नाही. मग घरातली दोन माणसं दहा-पंधरा मिनिटं डोकं खाजवतात, थोडी कुरबुर होते, आणि दुसऱ्या दिवशी वहीला हात लावावासा वाटत नाही.

म्हणून आज जी पद्धत सांगतो आहे, तिच्यात आठवत बसायचंच नाही. फोनवर रात्री एक गजर वाजतो, आणि तीस सेकंदांत नोंद संपते. हे जमतं कसं, ते एका उदाहरणावरूनच पाहू.

समजा, मानेवाड्यात राहणाऱ्या एक ताई आहेत, नोकरी सदरला. काल रात्री त्यांच्या पर्समध्ये ६४० रुपये होते. आज त्यांनी एटीएममधून ५०० काढले. म्हणजे हातात आले ११४०. आज रात्री गजर वाजल्यावर पर्स उघडली, तर नोटा निघाल्या ७१० रुपयांच्या. चिल्लर मोजायचीच नाही. ११४० मधून ७१० गेले, उरले ४३०. आजचा रोख खर्च ४३०, यात वाद नाही. हा आकडा पर्सनं दिला, डोक्याला ताण पडलाच नाही.

आता त्याची वाटणी. गोकुळपेठेच्या बाजारातून येताना भाजी आणि सांबार घेतला, १८० रुपये. ऑटोला ६०. सकाळी तर्री पोहे आणि चहा, ५०. झाले २९०. राहिले १४०. इथं थांबायचं. हे १४० 'किरकोळ' म्हणून लिहायचे आणि पुढं जायचं. फोनवरून दिलेले पैसे तर फोनच दाखवतो: किराणा ३६५, औषधं २१०. किराण्याचे ३७० धरले तरी चालतं. दहाच्या पटीत लिहिलं की बोटं भराभर चालतात आणि महिन्याच्या हिशोबात त्यानं काही बिघडत नाही. नोंद होते एका ओळीची: भा १८०, प्र ६०, बा ५०, कि ३७०, औ २१०, इ १४०. 'कि' किराण्याला गेला, म्हणून किरकोळला इतरचा 'इ'. शेवटी पर्समधली शिल्लक, ७१०. उद्याचा हिशोब तिथूनच सुरू होणार, म्हणून ती विसरायची नाही.

ही ओळ कुठं लिहायची? व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच संदेश पाठवता येतो, तिथं लिहा. किंवा फ्रिजवर कागद लावा. खर्चाचं खास अ‍ॅप वापरत असाल तर एवढंच बघा, की खर्चाचे सगळे कप्पे एका नजरेत दिसतात का. बोटानं वर-खाली सरकवून शोधावं लागलं, की तीस सेकंदांचं गणित कोलमडलंच.

कप्प्यांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण लोक चुकतात ते इथंच. उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस नावं तयार होतात: दूध वेगळं, फळं वेगळी, बिस्किटं वेगळी. मग साबण कशात टाकायचा, यावर रोज विचार करावा लागतो. वेळ जातो तो या विचारात. किराणा, भाजी, प्रवास, बाहेरचं खाणं, औषधं आणि किरकोळ, एवढे सहा पुरेत. आणि एक नियम ठरवून टाका: एक बिल, एक कप्पा. किराण्याच्या बिलात बादली आली, तरी सगळं बिल किराण्यातच. घरभाडं, शाळेची फी, कर्जाचा हप्ता, विजेचं बिल हे रात्रीच्या नोंदीत आणूच नका. ते महिन्यातून एकदा वेगळ्या पानावर.

'किरकोळ' कधी फुगतो, तेही बघायला हवं. ताईंचे रोज १४० असेच जात राहिले, तर तीस दिवसांचे ४२०० होतात. ही रक्कम किरकोळ नाही. असं दिसलं तर एखादा आठवडा, फक्त आठवडाभर, पैसे दिल्याबरोबर फोनवर टिपा. उन्हाळ्यात बहुतेक वेळा उसाचा रस, ताक आणि मुलांचं आइस्क्रीम निघतं. मग जूनपर्यंत 'थंड' असा कप्पा ठेवा आणि पाऊस पडला की काढून टाका.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये आणखी एक गंमत होते. कूलरची खस बदलायची, वर्षाचा गहू आणि तूरडाळ भरायची. त्या दिवशीचा आकडा एकदम हजारांत जातो आणि महिना उधळपट्टीचा वाटतो. अशा नोंदीपुढं 'वर्षाचा' असं लिहून ठेवा, म्हणजे रोजच्या खर्चात ती मिसळत नाही.

काही रकमा खर्चासारख्या दिसतात, पण खर्च नसतात. एटीएममधून काढलेले पैसे हा खर्च नाही, ते फक्त बँकेतून पर्समध्ये आले. नवऱ्यानं बायकोला दिलेले पैसे म्हणजे घरच्या घरात हात बदलला. क्रेडिट कार्डानं वस्तू घेतली त्याच रात्री ती लिहिली असेल, तर पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल भरल्यावर पुन्हा लिहायची नाही. यूपीआय लाइट वापरणाऱ्यांनी तर जरूर लक्ष द्यावं: पासबुकात त्यात पैसे भरल्याची एकच नोंद दिसते, त्यातून केलेले छोटे-छोटे खर्च दिसत नाहीत. ते अ‍ॅपमध्येच बघावे लागतात. भरलेली रक्कमही लिहिली आणि खर्चही लिहिले, की हिशोब दुप्पट.

आता गजराची वेळ. रात्री नऊला लावला आणि त्या वेळी तुम्ही वर्धा रोडवर गाडीवर असलात, तर घरी आल्यावर तो फक्त बंद कराल. दोन-तीनदा असं झालं की बोट न बघताच गजर बंद करायला शिकतं. म्हणून वेळ अशी धरा, की फोन चार्जिंगला लावायला हातात घेतलेला असेल आणि पर्स त्याच खोलीत असेल. खर्च काहीच झाला नसेल, तर शून्य लिहा. जागा मोकळी ठेवली, तर पैसे खर्च झाले नाहीत की नोंद राहिली, हे महिनाअखेरीला कळत नाही. आणि एखादी रात्र खरंच राहून गेली, तर मागचं आठवू नका. दुसऱ्या रात्री पर्स मोजा. जी वजाबाकी येईल ती दोन दिवसांची मिळून लिहा.

ज्यांचा धंदाच रोखीचा आहे, त्यांना मात्र हे जसंच्या तसं लागू पडत नाही. पानठेला चालवणाऱ्या भाऊंच्या खिशात गिऱ्हाइकाचे आणि घरचे पैसे एकत्र असतात, त्यामुळं खिसा मोजून काहीच कळत नाही. त्यांनी सकाळी गल्ल्यातून घरखर्चाची ठरावीक रक्कम काढून वेगळ्या पाकिटात ठेवावी. दिवसा कमी पडले आणि गल्ल्यातून पुन्हा काढले, तर तेवढे एटीएमसारखे मिळवावेत. मग रात्री फक्त ते पाकीट मोजायचं. गल्ल्याचा हिशोब दुकानाच्या वहीत.

नमस्कार.