विसणाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. गेली बावीस वर्षं मी पिंपरी-चिंचवड भागात गिझर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. दिवाळी झाली की फोन सुरू होतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती लिटरचा घेऊ?" त्यावर मी उलट विचारतो, "आंघोळ बादलीनं करता की शॉवरखाली?"

गेल्या महिन्यातलंच एक घर सांगतो. वन बीएचके, बाथरूम पाच फूट बाय चार फूट, वर माळा. घरात तिघं, नवरा-बायको आणि आजी, आणि तिघांचीही आंघोळ बादलीची. त्यांनी पंचवीस लिटरचा गिझर जवळपास ठरवला होता. मी म्हटलं, आधी विसणाचा हिशेब करू.

थंडीत पहाटे टाकीचं पाणी साधारण वीस अंशांवर असतं आणि अंगावर घ्यायला चाळीस अंश पुरतं. गिझरमधलं पाणी साठ अंशांचं असेल, तर जेवढं गरम तेवढंच गार घालावं लागतं. म्हणजे वीस लिटरच्या बादलीला गिझरचं पाणी लागतं फक्त दहा लिटर. गरम पाणी काढताना खालून गार पाणी आत शिरतं आणि थोडं मिसळतं, त्यामुळे टाकीतलं सगळं पाणी काही साठ अंशांवर हाती येत नाही. तरीही पंधरा लिटरच्या गिझरमधून एक बादली सहज भरून वर थोडं उरतं.

पुढच्या माणसाचं काय? दोन किलोवॅटचा एलिमेंट दहा लिटर पाणी वीसवरून साठवर न्यायला चौदा मिनिटं घेतो. पहिल्याची आंघोळ, कपडे, केस विंचरणं यात तेवढा वेळ निघून जातोच. त्यामुळे या घराला पंधरा लिटर पुरे. दोघं पाठोपाठ शॉवर घेणार असते, तर मीच पंचवीसचा घ्या म्हटलं असतं.

आता छोट्या बाथरूमवाल्यांचा आवडता तीन लिटरचा इन्स्टंट गिझर. जागा कमी लागते, किंमत कमी, आणि तीन किलोवॅटचा असल्यामुळे लोकांना वाटतं जोरदार असेल. पण तीन किलोवॅटमध्ये वीस अंशांचं पाणी चाळीसवर नेताना मिनिटाला जेमतेम दोन लिटर मिळतात. साठलेले तीन लिटर संपले की नळ बारीक सोडावा लागतो. बादली भरायला आठ-नऊ मिनिटं लागतात, आणि शॉवरचा नळ पूर्ण सोडला तर पाणी कोमटच येतं. मग तक्रार येते, "गिझर बिघडलाय." गिझर ठीक असतो हो, नळ जास्त सोडलेला असतो. एकट्या माणसाला, किंवा भांड्यांच्या सिंकला, इन्स्टंट उत्तम. पण त्याला तेरा अँपिअर करंट लागतो. सोळा अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट आणि त्याला साजेशी वायर नसेल, तर प्लग काळा पडतो. आंघोळीनंतर बटण बंद करून प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर समजा, तिथलं कनेक्शन सैल आहे.

आमच्या या घराला दुसरी अडचण भिंतीची होती. माळ्याखाली उभा गिझर बसेना, म्हणून आडवा घ्यावा लागला. आडव्यात गार-गरम पाणी लवकर मिसळतं, हे मी त्यांना आधीच सांगितलं. पंधरा लिटरचा गिझर भरला की पंचवीस किलोच्या आसपास जातो. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साध्या प्लास्टिक गुट्टीवर तो टांगू नका, आरपार बोल्ट घ्या. आणि ज्या बाजूनं एलिमेंट बाहेर निघतो, तिथं हातभर जागा सोडा. ती नसली तर पुढच्या दुरुस्तीला अख्खा गिझर उतरवावा लागतो.

एलिमेंट कोणता घ्यायचा, हे तुमच्या पाण्यावर ठरतं. नदीचं पाणी असेल तर फार डोकं चालवू नका. बोअरचं जड पाणी असेल, तर गरम होताना त्यातला क्षार एलिमेंटवर खडूसारखा बसतो. मग उष्णता पाण्यात जात नाही, आतला धातू भाजतो, शेवटी नळीला चीर पडते. चिरेतून पाणी आत गेलं की करंट गळतो आणि अशी गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी पडते. त्याआधी गिझर खुणा देतोच. आत खुडखुड आवाज येतो, आणि पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. अशा पाण्याला काचेचा लेप दिलेला एलिमेंट बरा, कारण त्यावर क्षार घट्ट चिकटत नाही. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंज लागू देत नाही. जड पाण्यात वर्षा-दोन वर्षांनी ती बघावी लागते. एलिमेंट बदलता येतो, पण टाकी गळली की गिझर भंगारात.

सुरक्षेत थर्मोस्टॅट आणि त्याच्या मागे कटआउट असतो. थर्मोस्टॅट अडकला तर कटआउट वीज तोडतो. या दोघांच्याही मागे सेफ्टी व्हॉल्व्ह. एका घरी गेलो, तर त्या व्हॉल्व्हच्या भोकावर एम-सील थापलेलं! विचारलं तर म्हणाले, "सारखं ठिबकत होतं." अहो, ते ठिबकायलाच हवं. पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर गेलं की फुगून पाव लिटरभर वाढतं, आणि व्हॉल्व्ह ते परत पाइपात जाऊ देत नाही. बाहेरही जाऊ दिलं नाही, तर सगळा ताण टाकीवर येतो. त्या भोकाला बारीक नळी लावून मोरीत सोडा. मात्र गिझर बंद असतानाही धार लागली असेल, तर व्हॉल्व्ह बदलायला झालाय. तसंच बोर्डात तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी आणि खरं अर्थिंग हवंच. नुसता तीन पिनांचा सॉकेट असला म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही, तपासून घ्या.

कोणती कंपनी, असं विचाराल. रेडिओवरून नाव घेणं बरं दिसणार नाही. आयएसआयचा शिक्का बघा. स्टार जास्त असणं म्हणजे साठवलेलं पाणी हळू गार होणं. आंघोळ झाली की बटण बंद करणाऱ्या घराला त्याचा फायदा थोडाच. दुकानात शिरण्याआधी त्या कंपनीच्या सर्व्हिस नंबरला फोन लावा आणि आपला पिनकोड सांगून विचारा, माणूस किती दिवसांत येईल, मॅग्नेशियमची कांडी केवढ्याला पडेल, ती वेळेवर बदलली नाही तर टाकीची वॉरंटी राहील का. टाकीची पाच-सात वर्षं आणि एलिमेंटची दोन-तीन वर्षं, असे दोन आकडे वेगळे लिहिलेले असतात. मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो टाकीचा.

त्या घरी आडवा पंधरा लिटरचा, काचेच्या लेपाच्या एलिमेंटचा गिझर बसवला. आजी बटणाकडे निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. आधी गरम पाण्याचा नळ उघडा, त्यातून सलग धार येऊ द्या, म्हणजे टाकी भरली. मग नळ बंद करून बटण दाबा. रिकाम्या टाकीत एलिमेंट तापला तर पहिल्याच दिवशी जळतो.