५४ किलोचं छप्पर

बेळगावहून खानापूरच्या रस्त्यावर एखाद्या मंगल कार्यालयाचं पार्किंग समजा. चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद. वर पांढरं टेन्साइल छप्पर, म्हणजे ताणून बसवलेलं कापड, आणि चार कोपऱ्यांना चार खांब. तिरक्या रेषेत समोरासमोरचे दोन खांब पाच मीटर उंच, उरलेले दोन तीन मीटर. म्हणून कापडाला घोड्याच्या खोगिरासारखा बाक आला आहे.

हा बाक शोभेसाठी नाही. उंच टोकांमधली ताणरेषा कापडाला वर ओढते, बुटक्या टोकांमधली खाली. दोन्ही एकमेकींना धरून असतात म्हणून कापड फडफडत नाही.

कापड म्हणजे पॉलिस्टरची वीण, तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर, आणि सगळ्यात वर पीव्हीडीएफ या प्लास्टिकचं पातळ लॅकर. वजन चौरस मीटरला साधारण ९०० ग्रॅम. म्हणजे हे अख्खं छप्पर ५४ किलोचं.

आता एप्रिल-मे महिन्यातला वळीव आठवा. पावसाआधी जो वारा सुटतो, त्याचा झोत हिशेबासाठी ताशी १२० किलोमीटर धरू. असा वारा चौरस मीटरला सुमारे ६८ किलोचा दाब देतो. साठ चौरस मीटरवर चार टन! छपराच्या आकारानुसार आकडा कमीजास्त होतो, पण वारा खालून शिरला की हा जोर छप्पर उचलायला बघतो. त्यामुळे इथला फॅब्रिकेटर छप्पर वर कसं धरायचं यापेक्षा खाली कसं धरायचं, याची काळजी जास्त करतो. खांबामागे एक टनाहून जास्त ओढ आली. थोडी सुरक्षितता धरून दीड टन म्हटलं, तर तेवढ्या वजनासाठी एकेका खांबाच्या पायात अर्ध्या घनमीटरहून जास्त काँक्रीट लागतं. शिवाय कापडाचा ताण खांबाला सतत आत ओढतो, त्याचा हिशेब वेगळा. कोटेशनमध्ये कापडाचा भाव ठळक असतो आणि पायाचं माप कुठेच नसतं, तेव्हा आधी तेच विचारावं.

ईशान्येला अथणीकडे जाताना काळी माती लागते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावरचा खांब तिथे कलतो, ताण सुटतो आणि कापडाला झोळ पडतो. झोळात पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने झोळ वाढतो, मग आणखी पाणी. दोन मीटर रुंद झोळात सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचलं, तरी ते तीनशे किलोंच्या पुढे जातं. पहिल्या मोठ्या सरीनंतर शिडी लावून वर बघा. पाणी वाहून गेल्यावर मातीचा गोल डाग राहिला असेल, तर झोळ तिथेच आहे. कोपऱ्यावरचं टर्नबकल, म्हणजे ताण वाढवायचा स्क्रू, आवळायची वेळ झाली. कापड नवं असताना पहिल्या काही महिन्यांत थोडं ताणतंच, तेव्हा तर एकदा आवळावंच लागतं.

सावलीचं गणित मात्र बरेच जण चुकतात. पांढऱ्या कापडातून प्रकाश साधारण पाच ते दहा टक्केच झिरपतो, त्यामुळे भर दुपारी खाली छान सावली असते. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य ४५ अंशांवर उतरतो. तेव्हा चार मीटर उंचीच्या कडेची सावली चार मीटर पूर्वेला सरकते आणि पश्चिमेकडची गाडी उन्हात येते. म्हणून बुटकं टोक पश्चिमेला घ्यावं, किंवा छप्परच त्या बाजूला थोडं पुढे काढावं.

अथणी भागात पाऊस कमी. तिथे नुसत्या उन्हासाठी एचडीपीई प्लास्टिकचं विणलेलं नेट स्वस्तात काम करतं, पाचसहा वर्षं टिकतं आणि वारा थोडा आरपार सोडतं. खानापूरच्या पावसात ते ठिबकत राहणार.

पीव्हीसी कापड चांगलं असेल तर दहा ते पंधरा वर्षं जातं, जाड पीव्हीडीएफ थर असेल तर त्याहून थोडं अधिक. काचतंतूवर पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, चढवलेलं कापड पंचवीस-तीस वर्षं टिकतं, पण ते महाग आणि घडी घातली की तंतू मोडतात. मंगल कार्यालयाच्या पार्किंगला ते कशाला?

धुण्याला साधं साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. ॲसिड, थिनर, तारेचा ब्रश नको. वरचं लॅकर त्यानेच जातं. रायबाग-चिकोडीकडे साखर कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी बसते. गळीत हंगाम संपला की वळवाच्या आधी धुऊन घेतलेलं बरं. खानापूरच्या ओलाव्यात त्रास वेगळाच: कापलेल्या कडेतून पाणी धाग्यांत शिरतं आणि थराच्या आतून काळ्या रेघा पसरतात. त्या कितीही घासल्या तरी निघत नाहीत. कडा सील करून घेणं हाच उपाय.

कापडावरून बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली, तर वरचा थर संपत आला. लहान फाट त्याच कापडाचं ठिगळ गरम हवेने वेल्ड करून बुजते. मात्र जाड पीव्हीडीएफ आधी घासून काढावा लागतो, नाहीतर ठिगळ उखडतं. शिलाईचे सांधे सुटू लागले, की कापड बदलायचं. गॅल्व्हनाइज्ड खांब तेच राहतात, पण नव्या कापडाचं माप जुन्या कापडावरून घेऊ देऊ नका. ते ताणून वाढलेलं असतं. माप खांबांच्या टोकांवरून, प्रत्यक्ष टेप लावून घ्यायचं.