नऊ नंबरचं कोपर

[दृश्य: सकाळचं बास्केटबॉलचं सिमेंट कोर्ट. फ्री थ्रोच्या रेघेमागे खडूने काढलेली दोन पावलं.]

ही बुटांची आउटलाइन नीट बघा. उजवा बूट डाव्यापेक्षा चार बोटं पुढे आहे. आणि दोन्ही बुटांची टोकं सरळ रिंगकडे नाहीत, किंचित डावीकडे वळलेली आहेत. एवढं ठरायला या कोर्टवर तीन आठवडे गेले.

[दृश्य: मुलगी बूट आउटलाइनमध्ये बसवते.]

बूट आठवीतल्या या मुलीचे. पाठीवर 9 नंबर, शूटिंग उजव्या हाताने.

[दृश्य: मोबाइलवरचं जुनं चित्रण.]

ही तीच, तीन आठवड्यांपूर्वीची. दोन्ही पाय शेजारी शेजारी, टोकं रिंगकडे. आणि कोपर? कमरेवर कळशी घेतल्यासारखं बाहेर. चेंडू रिंगच्या डाव्या कडेवर. पुन्हा डाव्या कडेवर.

रेघेपासून रिंगचा मध्य चार मीटरहून थोडा लांब. रिंग आतून 45 सेंटिमीटर, मुलींचा सहा नंबरचा चेंडू साधारण 23. म्हणजे कडेला न लागता आत जायचं तर दोन्ही बाजूंना सुटतात जेमतेम 11 सेंटिमीटर. कोपर बाहेर गेलं की हात उजवीकडून डावीकडे तिरका सुटतो आणि ते 11 सेंटिमीटर तिथेच संपतात.

मग सर ओरडायचे, “कोपर आत घे!” शाळाशाळांच्या कोर्टांवर हेच ओरडणं ऐकू येतं. ती घ्यायचीसुद्धा. पण खांदा आवळला जायचा आणि चेंडू रिंगच्या अलीकडेच पडायचा. दोष तिच्या ऐकण्यात नव्हता. पाय आणि छाती अगदी समोर ठेवून कोपर चेंडूखाली आणायला गेलं की खांद्याशी झटापट होते. रिकाम्या हाताने आत्ता उभं राहून करून बघा. आता पावलं थोडी डावीकडे वळवा. उजवा खांदा रिंगकडे येतो आणि कोपर आपोआप खाली उतरतं. कुणी ओरडावं लागत नाही.

[दृश्य: सर खाली बसून बुटांभोवती खडू फिरवतात.]

सरांनी ओरडणं सोडलं आणि खडू घेतला. खडूचा दुसराही उपयोग झाला. शॉट झाल्यावर ती टाचा उचलते, पण उतरते कुठे? याच आउटलाइनमध्ये. पूर्वी ती अर्धं पाऊल पुढे झुकायची. चेंडू रिंगला लागायच्या आत पाय रेघेला लागला तर गेलेला बास्केटही धरत नाहीत.

[दृश्य: स्लो मोशन. हवेतला चेंडू, काळ्या रेघा.]

पाय सुधारले, आणि चेंडू उजवीकडे जायला लागला! सर वैतागले. आम्हाला मात्र हा शॉट मिळाला. चेंडूवरच्या काळ्या रेघा बघा. तिने बोटं आडव्या रेघेवर ठेवली होती. चेंडू सरळ मागे फिरत गेला असता, तर ही रेघ आडवीच दिसली असती. इथे ती डगमगतेय, भोवऱ्याचा जोर संपल्यावर डगमगतो तशी.

[दृश्य: डाव्या हाताचा क्लोजअप.]

हा त्यामागचा अंगठा. डावा हात नुसता आधाराला. चेंडू सुटताना त्याने जागच्या जागी थांबायचं. पण हा अंगठा शेवटच्या क्षणी ढकलतो. इतके दिवस बाहेरचं कोपर चेंडू डावीकडे नेत होतं आणि अंगठा उजवीकडे. कोपर सुधारलं तेव्हा अंगठा उघडा पडला.

[दृश्य: रिंगपासून दोन पावलांवर, एका हाताने शॉट.]

उपाय कंटाळवाणा आहे. रिंगजवळ उभं राहायचं, डावा हात चेंडूपासून दोन बोटं लांब धरायचा आणि एकाच हाताने टाकायचं. मनगट मोडून खाली, बोटं रिंगकडे, कोपर डोळ्यांच्या वर. चेंडू रिंगला लागेपर्यंत हात तसाच. हात लगेच खाली आला, तर चूक कुठे झाली ते तिलाही दिसत नाही आणि सरांनाही. या रिंगला जाळी नाही. स्वच्छ गेलेला चेंडू आवाजही करत नाही, म्हणून हात बघायचा.

[दृश्य: धावून आलेली मुलगी, पंच चेंडू देतात.]

पंचांनी चेंडू हातात दिला की 5 सेकंद. तिचा क्रम असा: पाय आउटलाइनमध्ये, दोन ड्रिबल, रेघ आडवी, श्वास सोडायचा, गुडघे वाकवायचे आणि त्याच दमात वर. स्टॉपवॉचवर साडेतीन सेकंद. सराव दोन-दोनचाच, मध्ये कोर्टची एक फेरी. मॅचमध्ये कुणी निवांत उभं राहून पन्नास टाकत नाही.

[दृश्य: सामना. दुसरं कोर्ट, खडू नाही.]

शाळा दोन गुणांनी हरली. तिला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिल्याच्या वेळी आमची बॅटरी गेली होती.

हा दुसरा. उजवा बूट चार बोटं पुढे. दोन ड्रिबल. डावा अंगठा बघा.

[दृश्य: स्लो मोशन. चेंडू हवेत, रेघ आडवी. आवाज बंद.]