सूर्यास्ताचा फोटो आणि केशरी झालेला चेहरा

(स्क्रीनवर मूळ फोटो, काहीही एडिट न केलेला)

हा फोटो अलिबागच्या बीचवरचा आहे. लग्नानंतरचं शूट, सूर्य पाण्यात जायला अजून पंधरा-वीस मिनिटं असतील. कॅमेरा दक्षिणेकडे तोंड करून आहे म्हणजे उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला सुरूची झाडं, आणि मधे ही मुलगी ऑफ-व्हाइट साडीत, नाकात मोत्यांची नथ. फोटो एकदम मस्त आहे, ओली वाळू चमकतेय, केसांच्या कडेला सोनेरी रेघ आलीये, पण चेहऱ्याकडे बघा. उजवा गाल, कपाळ, नाक सगळं असं केशरी झालंय की हळदीचा कार्यक्रम उरकून तोंड न धुताच बीचवर आल्यासारखी दिसतेय.

आता बरेच जण काय करतात, व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेतात आणि साडीवर किंवा नथीच्या मोत्यावर क्लिक करतात, कारण मोती पांढरा, म्हणजे तो पांढरा दिसला की झालं.

(स्क्रीनवर: ड्रॉपरची क्लिक, फोटो एकदम गार पडतो)

झालं का? मोती पांढरा झाला, गालाचा केशरीपणाही गेला, आणि सोबत संध्याकाळ पण गेली. आकाश राखाडी-जांभळं, वाळू सिमेंटसारखी, आणि चेहऱ्याची डावी बाजू चक्क निळसर. ही डावी बाजू निळी का पडली ते एकदा नीट कळलं ना की पुढचं सगळं सोपं आहे.

संध्याकाळी बीचवर लाइट एक नसतो, दोन असतात. एक सूर्य, तो क्षितिजाजवळ आला की त्याच्या उजेडाला हवेचा खूप जाड थर पार करून यावं लागतं, त्यात निळा रंग वाटेतच विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो पिवळा-लाल. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन धरतात, हे ऊन २५०० ते ३००० च्या आसपास येतं. आणि दुसरा लाइट म्हणजे डोक्यावरचं आकाश, ते अजून निळंच आहे. आपल्या फोटोत समुद्राकडचा गाल सूर्याच्या उजेडात आहे आणि सुरूच्या झाडांकडचा गाल आकाशाच्या उजेडात. म्हणजे एकाच चेहऱ्यावर दोन रंगाचे लाइट, आणि तुम्ही एकच स्लायडर अख्ख्या फोटोला लावताय. एक गाल बरा झाला की दुसरा बिघडणारच.

म्हणून इथे काम दोन टप्प्यात करायचं, अख्ख्या फोटोतून थोडंसंच केशरी काढायचं आणि उरलेलं फक्त उन्हातल्या त्वचेवरून.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. हिस्टोग्राम बघा.

(स्क्रीनवर लाइटरूमचा हिस्टोग्राम, उजव्या कोपऱ्यातला त्रिकोण लाल)

वरच्या उजव्या कोपऱ्यातला त्रिकोण लाल झालाय, म्हणजे लाल चॅनल काठाला जाऊन चिकटलाय. फोटो एकंदरीत ओव्हरएक्सपोज नाहीये, तरी एकटा लाल संपलाय. सूर्यास्ताच्या फोटोत हे हमखास होतं आणि ते ओळखायचं कसं तर कपाळावर झूम करा, जिथे त्वचेचा पोतच दिसत नाही, सपाट प्लास्टिकसारखा पट्टा दिसतो आणि तो केशरीपेक्षा जरा पिवळाच वाटतो, तिथे लाल संपलाय. लाल वर जायचा थांबला पण हिरवा वाढतच राहिला म्हणून पिवळं. अशा ठिकाणी रंग कितीही फिरवा, पोत परत येत नाही.

आपलं नशीब की ही रॉ फाइल आहे. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स क्लाउडीवर होता, सूर्यास्त अजून उबदार यावा म्हणून बरेच जण ठेवतात, माझ्या मते त्याची काही गरज नसते, आधीच केशरी असलेल्या उजेडावर आपणच अजून केशरी ओततो. क्लाउडी म्हणजे सॉफ्टवेअर लाल चॅनल वर ढकलतं, म्हणजे सेन्सरवर लाल शाबूत असतो आणि ढकलल्यामुळे काठाबाहेर जातो. टेम्परेचर खाली आणलं की तो परत आत येतो. जेपेगमध्ये मात्र ते एकदा गेलं की गेलं.

मग सुरुवात करूया. पहिलं म्हणजे प्रोफाइल. हा फोटो व्हिविड प्रोफाइलवर उघडलाय, तो अडोबी पोर्ट्रेटवर घेतला, आणि एक्सपोजर एक तृतीयांश स्टॉप कमी केलं. बघा, अजून रंगाला हात लावला नाही तरी निम्मं भडकपण उतरलं. व्हिविड, लँडस्केप ही प्रोफाइल्स आकाशासाठी छान असतात, चेहऱ्यासाठी नाहीत.

आता टेम्परेचर. फाइल उघडली तेव्हा आकडा होता साधारण ६०००, आणि मोत्यावर ड्रॉपर मारला तेव्हा आला ३४००. (इथे खूप जणांचा गोंधळ होतो, कमी केल्विनचा उजेड केशरी असतो पण स्लायडरवर आकडा कमी केला की फोटो निळा होतो, कारण आपण सॉफ्टवेअरला सांगतोय की उजेड केशरी होता, तू तो काढ.) आपल्याला ३४०० पर्यंत जायचंच नाहीये. मी ४८०० ला थांबतोय, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाच्या साधारण एक तृतीयांश वाट. आकड्यांच्या हिशोबाने ते तसं दिसणार नाही, कारण केल्विनचे आकडे सगळीकडे सारखं वजन ठेवत नाहीत, ६००० वरून ५००० ला आलात तर थोडाच फरक पडतो पण ४४०० वरून ३४०० ला आलात तर फोटो बदलूनच जातो. म्हणून ५००० च्या खाली गेलात की स्लायडर हळू सरकवा.

४८०० वर आकाश अजून सोनेरी आहे, वाळू चमकतेय, मोती पांढरा नाही, क्रीम आहे, आणि तो तसाच राहू दे. त्या वेळी तिथे उभं राहून बघणाऱ्यालाही तो क्रीमच दिसला असता.

पण गाल अजून जास्त केशरी आहे. किती ते डोळ्यावर सोडण्यापेक्षा मोजूया, कर्सर गालावर नेला की हिस्टोग्रामच्या खाली लाल, हिरवा, निळा यांचे टक्के दिसतात. सुरुवातीला उन्हातल्या गालावर लाल ९६, हिरवा ६१, निळा २४ होता. आता लाल ९०, हिरवा ६१, निळा ३०. त्वचा गोरी असो, गव्हाळ असो की सावळी, लाल सगळ्यात वर, मग हिरवा, मग निळा हा क्रम साध्या उजेडात सगळ्यांचाच असतो, फरक असतो तो अंतराचा. त्यामुळे लाल जास्त आहे यापेक्षा निळा किती खाली गेलाय तिकडे लक्ष द्या. निळा लालच्या एक तृतीयांशावर असेल तर चेहरा केशरी रंग फासल्यासारखा दिसतो, निम्म्याच्या आसपास आला की ऊन पडलंय असं दिसतं. हा काही नियम नाही, चेहऱ्यागणिक थोडं इकडे तिकडे होणार, पण कुठे थांबायचं याचा अंदाज येतो.

(स्क्रीनवर: ब्रशने मास्क)

आता मास्क. ब्रशने चेहरा, गळा, कान आणि दिसणारा हात रंगवला, मग त्यावर ल्युमिनन्स रेंजने इंटरसेक्ट केलं म्हणजे फक्त उजळ भाग, अर्थात उन्हातली त्वचाच पकडली गेली आणि सावलीतला गाल आपोआप बाहेर राहिला. ओठ, डोळे, नथ आणि केसांची सोनेरी कड ब्रशने वजा केली. या मास्कवर टेम्प उणे १२, सॅच्युरेशन उणे १०, आणि टिंट जरासं हिरव्याकडे, उणे ३, कारण केशरी काढलं की बऱ्याचदा त्याखालून गुलाबी वर येतो. गाल आता लाल ८५, हिरवा ६२, निळा ४१. बास.

गळा आणि हात विसरू नका हां, चेहरा नीट आणि हात केशरी असे अल्बम मी खूप पाहिलेत, आणि एकदा ते दिसलं की दुसरं काही दिसतच नाही.

सावलीतल्या गालासाठी दुसरा मास्क, त्यावर उलट टेम्प अधिक ६. अख्खा फोटो गार केल्यामुळे ती बाजू थोडी निळी झाली होती, ती परत आणली. पूर्ण सारखं करायचं नाही, दोन गालात थोडा फरक राहिला तरच एका बाजूने ऊन येतंय हे कळतं.

तुम्ही विचाराल की एवढं मास्क बिस्क कशाला, कलर मिक्सरमध्ये ऑरेंजचं सॅच्युरेशन कमी केलं की झालं की. करून दाखवतो.

(स्क्रीनवर: ऑरेंज सॅच्युरेशन उणे ४०)

नथीचं सोनं बघा, पितळ झालं. साडीची जर फिकट पडली, वाळू मेली, आणि चेहरा केशरी नाही राहिला पण मातकट झाला, आजारी माणसासारखा. आपल्याकडच्या फोटोत सोनं, जर, झेंडू, हळद, वाळू आणि त्वचा हे सगळं त्या एकाच ऑरेंज-यलोच्या पट्ट्यात येतं, त्यामुळे हा स्लायडर अख्ख्या फोटोवर जोरात ओढणं मला तरी पटत नाही. वापरायचाच असेल तर ऑरेंजचा ह्यू अधिक ३-४ करा, म्हणजे लालसर केशरी जरा पिवळ्याकडे सरकतं, आणि ल्युमिनन्स अधिक ५. सॅच्युरेशन शेवटी, आणि तेही एक आकडी.

आता मूड. गंमत अशी की तो परत आणण्यासाठी फार काही करावं लागत नाही. चेहऱ्यावरचं केशरी उतरल्यावर मागचं आकाश आपोआप जास्त उबदार वाटायला लागतं, कारण डोळा शेजारी शेजारी ठेवून तुलना करतो, आधी सगळंच केशरी होतं तेव्हा तुलनेला काहीच नव्हतं. फक्त आकाशावर एक लिनिअर ग्रेडियंट, टेम्प अधिक ८, आणि केसांची कड अजिबात हात न लावलेली.

एक सावधगिरी, हे काम रात्री करत असाल तर लॅपटॉपचा नाइट लाइट बंद करा. त्याने स्क्रीन पिवळी होते, तुम्ही ते पिवळं फोटोतून काढत बसता आणि सकाळी उघडल्यावर नवरी निळी.

हे सगळं चाललं कारण सूर्य अजून थोडा वर होता. अगदी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, लाल गोळा पाण्याला टेकलेला असताना काढलेल्या फोटोत निळा पाच-सात टक्क्यांवर येतो. तिथे निळ्यात माहितीच नसते, वर ओढायला गेलात की गालावर ठिपके आणि डाग येतात. अशा फोटोत मी चेहरा केशरीच ठेवतो, फक्त सॅच्युरेशन थोडं उतरवतो. आणि जागेवरच टाळायचं असेल तर रिफ्लेक्टरच्या भरवशावर राहू नका, सोनेरी तर नकोच, पण पांढरासुद्धा तोच केशरी उजेड परत फेकतो. त्यापेक्षा तिला सूर्याकडे पाठ करून उभं करा, ऊन केसांवर, चेहऱ्यावर मोकळ्या आकाशाचा उजेड. तेव्हा उलट चेहरा गार येतो, तो गरम करणं कितीतरी सोपं.

आणि अल्बमला पाठवायच्या आधी एक ४ बाय ६ ची टेस्ट प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. स्क्रीनपेक्षा कागदावर त्वचा बऱ्याचदा गडद आणि लालसर येते, आमच्या या फोटोतही गाल थोडा तापलेला आला, मग पहिल्या मास्कचं सॅच्युरेशन उणे १० वरून उणे १४ केलं आणि एक्सपोजर किंचित वाढवून फाइल लॅबला दिली.