उंची कुठे गेली?

मंडळी, आजचा विषय समजावा म्हणून आपण एक काल्पनिक पत्र घेऊ. लिहिणारे निवृत्त गृहस्थ, वय ७१. ‘डॉक्टरसाहेब, सा. न. दहा वर्षांपूर्वीच्या तपासणीच्या कागदावर माझी उंची १७० सेंमी आहे. परवा मोजली तर १६५.५ भरली. पँट टाचेखाली येते. मागे माळ्यावर गादी चढवताना पाठीत उसण भरली होती, ती बाम लावून पंधरा दिवसांत गेली. दम्यासाठी अधूनमधून गोळ्याही घेतो. वयामुळेच हे होत असेल ना?’

उत्तर द्यायच्या आधी मोजमाप तपासायचं. सकाळी उठल्यावर आपण संध्याकाळपेक्षा सुमारे एक ते दीड सेंमी उंच असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या रात्री पाणी शोषून फुगतात आणि दिवसभराच्या भाराने दबतात. म्हणून मोजायचं ते सकाळी आणि अनवाणी. टाचा जोडून भिंतीला टेकवायच्या आणि नजर समोर ठेवायची, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत येतात. डोक्यावर गुण्या किंवा जाड पुस्तक काटकोनात धरून भिंतीवर खूण करायची. असं तीनदा मोजून सरासरी काढायची. समजा, आपल्या गृहस्थांची उंची अशी १६६ भरली. घट उरली चार सेंमी.

आता यातली वयाची किती? पायांची हाडं म्हातारपणी आखूड होत नाहीत. जे जातं ते बहुतेक पाठीच्या कण्यातून. कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा चकत्यांचा असतो, त्या सुकून चपट्या होतात. पोटऱ्या-मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू सैलावले की माणूस किंचित वाकूनच उभा राहतो, त्यानेही थोडी उंची जाते. पुरुषाची तिशीपासून सत्तरीपर्यंत साधारण तीन सेंमी उंची जाते आणि ऐंशीपर्यंत पाच. म्हणजे या दहा वर्षांत दीड-दोन सेंमी वयाच्या खात्यावर टाकता येतील. बाकी दोन-अडीच सेंमीचा हिशोब लागत नाही, आणि पत्रातली महत्त्वाची ओळ इथेच कामाला येते: गादी चढवताना भरलेली उसण.

मणक्याचा पुढचा भाग म्हणजे पातळ कवचात भरलेलं जाळीदार हाड. जाळी विरळ झाली की वाकून वजन उचलताना तो पुढच्या बाजूने दबतो आणि मागची बाजू तशीच राहते. मणका पाचरीसारखा होतो आणि पाठ पुढे झुकते. छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथल्या मणक्यांना हे जास्त होतं. दर तीनांतले सुमारे दोन असे अस्थिभंग त्या वेळी ओळखलेच जात नाहीत, कारण दुखणं उसण म्हणून निभावून जातं. पुरुषाच्या बाबतीत तर हाडं ठिसूळ झाल्याची शंकाच उशिरा येते, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

घरी दोन खुणा बघता येतात. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून सरळ उभं राहिल्यावर डोक्याचा मागचा भाग सहज टेकतो का? आणि कुशीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये दोन बोटंही बसत नाहीत का? डोकं टेकत नसेल किंवा बोटं बसत नसतील, तर शंका बळावते.

पुढची पायरी म्हणजे पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे. समोरून काढलेल्यात पाचर नीट दिसत नाही. त्याच्या जोडीला हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन. इथे एक फसगत होते. उतारवयातल्या पुरुषांच्या मणक्यांच्या कडांना हाड वाढलेलं असतं आणि दबलेला मणका मुळातच दाट दिसतो, त्यामुळे कमरेचा आकडा चांगला येऊ शकतो. अशा वेळी खुब्याचा आकडा जास्त भरवशाचा. आणि किरकोळ कारणाने मणका दबल्याचं एक्स-रेत दिसलं, तर निरोगी तरुणाच्या हाडांशी तुलना करणारा टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ पर्यंत उतरला नसला, तरी निदान हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, ऑस्टिओपोरोसिसचंच.

मग कारण शोधायचं. दम्याच्या त्या ‘अधूनमधूनच्या गोळ्या’ हाडं विरळ करणाऱ्या स्टिरॉइडच्या आहेत का, वर्षाकाठी किती होतात, हे विचारलंच पाहिजे. मात्र त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंड, टेस्टोस्टेरॉन, शिवाय मज्जेचा मायलोमा नावाचा कर्करोग नाही ना, हेही बघावं लागतं.

गेलेली उंची औषधाने परत येत नाही. औषध द्यायचं ते पुढचा मणका वाचवायला, कारण एक दबला की शेजारचे दबण्याची शक्यता बरीच वाढते. बऱ्याचदा दिली जाते ती अॅलेंड्रोनेटची ७० मिग्रॅची गोळी, आठवड्यातून एकदा. ती सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. तेवढा वेळ चहाही नाही, कारण त्यासोबत औषध अंगी लागत नाही.